रंगाखालचे कातडे

वरळी कोळीवाड्यात काय किंवा लालबाग-परळच्या पटांगणांत काय, रात्रीचे सामने दिव्यांच्या उजेडात टेनिस चेंडूने होतात आणि चेंडू दिसला नाही अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही. तेव्हा इथला कोणीही सहज विचारू शकेल की पोपटी-पिवळा चेंडू रात्री इतका स्वच्छ दिसतो, तर कातडी चेंडूलाही तोच रंग का देत नाहीत? दिवसा लाल, रात्री पांढरा आणि दिवस-रात्रीच्या कसोटीत गुलाबी, असे तीन चेंडू कशाला हवेत? या प्रस्तावनेचा विषय त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. टेनिस चेंडूवर तंतूंची लव असते. रंग त्या तंतूंत मुरतो, म्हणून लव झिजली तरी खालून तोच रंग येतो. कातड्याचे तसे नाही. कातडे काही रंग पिते आणि काही पीत नाही. जो रंग ते पीत नाही तो त्यावर थापावा लागतो, थापलेला रंग टिकावा म्हणून वरून लेप द्यावा लागतो, आणि चेंडू किती षटके नवा राहणार, कधी वळायचा थांबणार, उलटा वळणार की नाही, हे सारे त्या लेपाच्या हाती जाते. रंग निवडला जातो डोळ्यांसाठी, पण त्याची किंमत मोजली जाते हवेत आणि खेळपट्टीवर. कसोटी, एकदिवसीय आणि दिवस-रात्र कसोटी हे तीन खेळ वेगळे वाटतात त्यामागे षटकांचा हिशेब आहेच. पण माझे म्हणणे असे की त्यातला मोठा वाटा या थापलेल्या आणि मुरलेल्या रंगांतल्या फरकाचा आहे, आणि आपण तो फार कमी लेखतो.

आधी लाल चेंडू. नियम तिन्ही रंगांना एकच आहे. पुरुषांच्या क्रिकेटमध्ये वजन सुमारे १५६ ते १६३ ग्रॅम आणि घेर साधारण २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. आत बुचाचा गाभा, त्याभोवती घट्ट गुंडाळलेला लोकरी दोरा, वर कातड्याचे कवच आणि मध्यभागी टाक्यांची उंच शिवण. आपल्याकडे कसोटी आणि रणजीसाठी मेरठला तयार होणारा एसजी चेंडू वापरतात. त्याची शिवण हाताने घातलेली असते, म्हणून ती जास्त उंच असते आणि जास्त काळ उभी राहते. लाल चेंडूचे कातडे रंगाच्या द्रावात बुडवतात, त्यामुळे लाली आत शिरते. मग त्याला चरबीसारखी स्निग्ध द्रव्ये पाजतात आणि शेवटी लॅकरचा पातळ थर देतात. हा थर पहिल्या काही षटकांतच निघू लागतो, पण तो गेल्याने काही बिघडत नाही. खालचे कातडे लालच असते आणि त्यात स्निग्धता असते. खेळाडू चेंडू विजारीवर घासतात तेव्हा घर्षणाची ऊब आणि घाम यांनी ते कातडे पुन्हा चकाकू लागते. लाळ लावायला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये २०२० पासून बंदी आली, घाम मात्र अजून चालतो. म्हणजे लाल चेंडूची लकाकी कारखान्यातून येते तेवढीच नसते. एका बाजूची निगा राखायची आणि दुसरी खरखरीत होऊ द्यायची, हे काम अकरा जण मिळून ऐंशी षटके करू शकतात. मुंबईत १९४८ पासून भर पावसात खेळली जाणारी कांगा लीग या चेंडूची कसोटीच पाहते. उघड्या, ओल्या खेळपट्टीवर लॅकर लगेच जाते, कातडे पाणी पिऊन फुगते, चेंडू जड आणि काळपट होतो, तरी तो लालच राहतो. आभाळ भरून आले की मात्र फलंदाजाची पंचाईत होते, आणि तीच या चेंडूची खरी मर्यादा आहे.

ही मर्यादा डोळ्यांची आहे. भर उन्हात पांढऱ्या साइटस्क्रीनपुढे गडद लाल चेंडू उठून दिसतो. उजेड कमी होऊ लागला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींची पकड सैल होते आणि मंद उजेडात काम करणाऱ्या पेशी पुढे येतात. त्यांना निळसर-हिरवा प्रकाश चांगला दिसतो, लाल जवळजवळ दिसत नाही. म्हणून संधिप्रकाशात सगळ्यांत आधी काळवंडतो तो लाल रंग. प्रकाशझोतात तो तपकिरी भासतो आणि खेळपट्टीच्या रंगात मिसळतो. केरी पॅकरच्या सामन्यांत १९७० च्या दशकाअखेर रात्रीचे क्रिकेट सुरू झाले तेव्हा पांढरा चेंडू आला तो या अडचणीमुळे. त्याबरोबर साइटस्क्रीन काळा करावा लागला आणि खेळाडूंचे कपडे रंगीत. चेंडूच्या रंगाने आजूबाजूचे सगळे रंग बदलून टाकले.

पण कातडे पांढरे रंगवता येत नाही. पांढरेपणा म्हणजे पडणारा सगळा प्रकाश परत फेकणे, आणि तो गुण मुरणाऱ्या रंगात नसून वर बसणाऱ्या अपारदर्शक भुकटीत असतो. त्यामुळे पांढऱ्या चेंडूच्या कातड्यावर पांढऱ्या रंगद्रव्याचा थर चढवतात आणि त्यावर संरक्षक लेप. नवा असताना हा पृष्ठभाग फार गुळगुळीत असतो. पुढे मात्र तो खरचटतो, डागाळतो, गवताने हिरवट आणि मातीने मळकट होतो, आणि एकदा गेलेला लेप घासून परत येत नाही. खाली पाजलेली चरबी वर येऊन चकाकावे अशी सोयच त्यात नाही. नवा पांढरा चेंडू नव्या लालपेक्षा जास्त स्विंग होतो का, यावर वाद होऊ शकतो. वय होताना दोघांची वाट वेगळी होते, यावर वाद नसावा.

स्विंगचे गणित थोडक्यात असे आहे. चेंडूची शिवण किंचित तिरकी ठेवून टाकला की एका बाजूला वारा शिवणीला अडखळतो आणि खळबळतो. खळबळलेला वारा चेंडूला जास्त वेळ चिकटून राहतो. दुसऱ्या, गुळगुळीत बाजूचा शांत वारा लवकर सुटतो. या असमतोलामुळे चेंडू शिवणीच्या रोखाने वळतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, उभी शिवण आणि निदान एक खरोखर गुळगुळीत बाजू. चेंडूची एक बाजू पुरेशी खरखरीत झाली आणि वेग मोठा असला की खरखरीत बाजूचा वारा शिवणीपर्यंत पोहोचण्याआधीच खळबळतो, शिवण त्याला आणखी जाड करून लवकर सोडवते आणि चेंडू उलट दिशेला वळतो. हाच रिव्हर्स स्विंग. म्हणजे चेंडूच्या आयुष्यात एक काळ नव्या स्विंगचा, एक उलट्याचा आणि मध्ये एक रिकामा काळ. कोणता काळ किती षटकांचा, ते लेप ठरवतो.

याचा स्पष्ट पुरावा वरळीहून दक्षिणेला, त्याच किनाऱ्यावरच्या वानखेडे स्टेडियमवर २०२३ च्या विश्वचषकात दिसला. सामने दुपारी दोनला सुरू होत आणि दुसरा डाव सूर्यास्ताच्या सुमारास किंवा त्यानंतर, नव्या पांढऱ्या चेंडूंनी. २१ ऑक्टोबरला दक्षिण आफ्रिकेच्या ३९९ धावांपुढे इंग्लंडचे १०० धावांत ८ गडी गेले. २ नोव्हेंबरला भारताने ८ बाद ३५७ केल्यावर जसप्रीत बुमराने डावाच्या पहिल्याच चेंडूवर पथुम निसंकाला पायचीत पकडले आणि पाहता पाहता श्रीलंकेची अवस्था ६ बाद १४ झाली. त्यांचा डाव ५५ धावांत, १९.४ षटकांत आटोपला. महंमद शमी १८ धावांत ५, महंमद सिराज १६ धावांत ३. पाच दिवसांनी अफगाणिस्तानने २९१ धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ अशी झाली. त्या सामन्याचा पुढचा भाग माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. आठवा गडी पडलाच नाही. ग्लेन मॅक्सवेलने नाबाद २०१ धावा केल्या, पॅट कमिन्सबरोबर २०२ धावांची अभेद्य भागीदारी झाली आणि सामना ऑस्ट्रेलियाने जिंकला. सातवा गडी एकोणिसाव्या षटकात पडला होता. तेव्हाच्या नियमाने दोन्ही टोकांकडून वेगवेगळा चेंडू वापरत, म्हणजे प्रत्येक चेंडूचे वय जेमतेम नऊ-दहा षटके होते. पांढऱ्याचा नवा काळ तिथे संपला. त्यानंतर तेच गोलंदाज होते आणि तेच दिवे, पण चेंडू सरळ जाऊ लागला. १५ नोव्हेंबरच्या उपांत्य सामन्यातही शमीने न्यूझीलंडला २ बाद ३९ केले, मग केन विल्यमसन आणि डॅरिल मिचेल यांनी १८१ धावा जोडल्या. मिचेलचे शतक झाले आणि न्यूझीलंड ३२७ पर्यंत पोहोचले.

यावर पहिला आक्षेप असा की हे धावफलकाच्या दडपणाचे खेळ होते. चारशेचा पाठलाग करताना कोणीही कोसळेल. इंग्लंड आणि श्रीलंकेपुरता तो काही अंशी मान्य करावा लागेल, आणि बुमरा-सिराज-शमी या त्रिकुटाचा दर्जाही विसरू नये. पण २९१ ही वानखेडेवर घाबरवणारी धावसंख्या नाही आणि अफगाणिस्तानचे गोलंदाजही त्या त्रिकुटासारखे नव्हते. शिवाय दडपणाने गडी पडले असते तर ते डावभर पडत राहिले असते. पहिल्या वीस षटकांत सगळी पडझड आणि नंतर शांतता, ही आकृती दडपणाची नसून लेपाच्या वयाची आहे. चारच सामने म्हणजे पुरावा थोडा, हे खरे. तरी तो सगळा एकाच दिशेला बोट दाखवतो.

दुसरा आक्षेप कोळीवाड्यात जास्त पटेल. समुद्रावरून येणारी दमट हवा चेंडू वळवते, लेपाचा त्यात संबंध नाही, असे क्रिकेटमध्ये पिढ्यान् पिढ्या म्हटले जाते. मला हे मत ऐकायला आवडते, पण ते टिकत नाही. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, त्यामुळे दमटपणाने वाऱ्याचा जोर वाढण्याचा प्रश्नच येत नाही. ब्रिटन आणि न्यूझीलंडमधल्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये प्रयोग करून पाहिले, त्यांना दमटपणाचा स्विंगवर म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. त्यांनी सुचवलेले कारण वेगळे आहे. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून हवेचे लहान लहान झोत वर उठतात आणि चेंडूच्या गुळगुळीत बाजूवरचा शांत थर मोडतात. ढग आले किंवा सूर्य मावळला की ते थांबतात आणि हवा स्थिर होते. मासेमारी करणाऱ्यांना दिवसाचे खारे वारे आणि रात्रीचे मतलई यांच्यामधली ही पडलेली हवा नवी नाही. दुसऱ्या डावाची सुरुवात साधारण त्याच वेळेला येते. म्हणजे किनाऱ्याचा काही हात असलाच, तर तो पाण्याच्या वाफेत नसून वाऱ्याच्या विसाव्यात असावा. आणि त्या विसाव्याचा फायदा घ्यायला गुळगुळीत बाजू लागतेच. नऊ षटकांनंतर हवा तितकीच स्थिर असते, पण चेंडू तसा राहिलेला नसतो.

पांढऱ्याच्या अल्पायुष्याने एकदिवसीय क्रिकेटचे नियम किती वेळा बदलले ते पाहिले की रंगाची ताकद कळते. मळलेला चेंडू दिसत नाही म्हणून २००७ पासून चौतिसाव्या षटकानंतर तो बदलू लागले. २०११ च्या अखेरीस दोन टोकांना दोन नवे चेंडू आले. त्यामुळे पन्नास षटकांच्या डावात कोणताही चेंडू पंचवीस षटकांपलीकडे जाईना. चेंडू स्वच्छ राहिला, पण जुना होणे थांबले. रिव्हर्स स्विंग एकदिवसीय क्रिकेटमधून जवळजवळ हद्दपार झाला आणि शेवटची दहा षटके फलंदाजांच्या स्वाधीन झाली. जुलै २०२५ पासूनचा नियम हा तोल सावरण्याचा प्रयत्न आहे. चौतीस षटके दोन चेंडू, मग क्षेत्ररक्षण करणारा संघ त्यांतला एक निवडतो आणि उरलेली सोळा त्यानेच टाकतो. सतरा अधिक सोळा, म्हणजे तो चेंडू तेहेतीस षटकांचा होतो. उलटा वळायला हे वय पुरेल की नाही ते मैदान किती कोरडे आणि खरखरीत आहे त्यावर ठरेल. वानखेडेच्या हिरव्या बाह्यमैदानावर मला फार आशा नाही, दव पडल्यावर तर नाहीच.

मग दिवस-रात्र कसोटीत पांढराच का नको? हा प्रयोग मुंबईनेच खेळून पाहिला आहे. एप्रिल १९९७ मध्ये ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर मुंबई आणि दिल्ली यांच्यातला रणजी अंतिम सामना पाच दिवस प्रकाशझोतात, पांढऱ्या चेंडूने झाला आणि पहिल्या डावातल्या आघाडीवर मुंबईने करंडक जिंकला. पण ऐंशी षटके टिकेल असा पांढरा लेप नव्हता, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या क्षेत्ररक्षकांपुढे पांढरा चेंडू शोधणे अवघड. भारतातल्या प्रथम दर्जाच्या क्रिकेटला दिवस-रात्रीचा सूर पुन्हा सापडायला २०१६ ची दुलीप करंडक स्पर्धा यावी लागली, आणि तेव्हा चेंडू गुलाबी होता. मधल्या काळात ऑस्ट्रेलियात पिवळे आणि केशरी चेंडूही करून पाहिले गेले. कोळीवाड्याच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच मिळते. पिवळा वाळलेल्या खेळपट्टीवर हरवतो आणि केशरीची कॅमेऱ्यात शेपटी दिसते. गुलाबी हा सगळ्यांत कमी वाईट रंग ठरला, कारण तो हिरवळीवर, पांढऱ्या कपड्यांपुढे आणि दिव्याखाली, तिन्हीकडे बऱ्यापैकी दिसतो. सुरुवातीला त्याची शिवण हिरवट दोऱ्याची होती आणि फलंदाजांना ती ओळखू येईना, म्हणून पुढे काळा दोरा आला. फिरकीचा चेंडू कोणत्या बाजूला वळेल हे अनेक फलंदाज शिवणीच्या फिरण्यावरून वाचतात, तेव्हा हा बदल वाटतो तेवढा किरकोळ नाही.

गुलाबी रंगही कातड्यात पुरेसा मुरत नाही. त्याला पांढऱ्यासारखाच वरचा थर लागतो, आणि तो ऐंशी षटके टिकायला हवा म्हणून लॅकर आणखी जाड. पांढऱ्याची चकाकी आणि लालचे आयुष्य एकत्र आणण्याचा हा प्रयत्न आहे, आणि त्याचे परिणाम भारतातल्या दोन कसोट्यांत अगदी उलट दिसले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ईडन गार्डन्सवर बांगलादेशाविरुद्ध खेळपट्टीवर गवत राखले होते. लेप जपायचा तर गवत लागतेच. बांगलादेशाचे सगळे गडी ईशांत शर्मा, उमेश यादव आणि शमी यांनी मिळवले, फिरकीला एकही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अहमदाबादला इंग्लंडविरुद्ध खेळपट्टी कोरडी होती. सामना दोन दिवसांत संपला, पडलेल्या तीस गड्यांपैकी अठ्ठावीस फिरकीचे आणि त्यांत एकट्या अक्षर पटेलचे अकरा. इथे आक्षेप तयारच असतो की हा खेळपट्टीचा प्रताप, चेंडूचा नव्हे. पण अहमदाबादला फलंदाज मोठ्या वळणाला फसले असे क्वचित झाले. ते वळणासाठी खेळले आणि चेंडू न वळता सरळ, अपेक्षेपेक्षा लवकर येऊन पायावर किंवा यष्टीवर आदळला. लाल चेंडूची खरखरीत बाजू मातीला धरते. जाड लेपाची गुलाबी बाजू मातीवर पडली की घसरते, शिवणीवर पडली तर वळते. कोणता चेंडू कशावर पडला हे सुटल्यावर फलंदाजाला कळत नाही, आणि बहुधा गोलंदाजालाही नाही. म्हणून मी म्हणेन की दोन्ही ठिकाणी लेपानेच काम केले. गवतावर त्याने स्विंग लांबवला आणि कोरड्या मातीवर सरळ चेंडूला धार दिली.

गुलाबी चेंडूबद्दल एक समज मात्र पुराव्यावर तपासून घ्यायला हवा. संधिकाळ हाच त्याचा एकमेव धोका, असे सर्रास सांगितले जाते. उतरत्या उजेडात, आकाशच गुलाबी-केशरी होते त्या वेळी, तो दिसायला कठीण जातो हे खरे. पण भारताचा ३६ धावांचा डाव, ॲडलेड, १९ डिसेंबर २०२०, जवळजवळ सगळा भर दुपारच्या उन्हात कोसळला. जोश हेझलवूडने ८ धावांत ५ आणि कमिन्सने २१ धावांत ४ गडी घेतले ते चेंडू दिसत नव्हता म्हणून नव्हे. लेपाने कडक ठेवलेला चेंडू आणि उभी शिवण खेळपट्टीवर पडून थोडीशी हलत होती, बॅटची कड गाठायला पुरेल एवढीच. याच्या शेजारी सांगलीच्या स्मृती मानधनाची खेळी ठेवावी. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मध्ये कॅरारा इथे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या दिवस-रात्र कसोटीत तिने १२७ धावा केल्या. गुलाबी चेंडूवर शतक करणारी ती पहिली भारतीय स्त्री. पहिल्या दिवशी पावसाचा व्यत्यय आला तरी ती नाबाद ८० वर परतली आणि दुसऱ्या दिवशी शतक पुरे केले. गुलाबी चेंडू न खेळता येण्यासारखा नाही. त्याचा नवा काळ लांब आहे आणि तो दिवसाच्या कुठल्याही वेळी पुन्हा जागा होऊ शकतो, एवढे फलंदाजाला माहीत असावे लागते. अजिंक्य रहाणेने ईडनवर ५१ धावा केल्या त्या सामन्याआधी त्याने सरावात काय बदलले तेही याला धरून होते. चेंडू शरीराजवळ येऊ द्यायचा आणि उशिरा खेळायचा.

पुढची पाने वाचताना आणि त्यानंतर सामना पाहताना एक गोष्ट करून पाहता येईल. षटके मोजताना डावाची न मोजता चेंडूची मोजावीत. यष्टिरक्षक चेंडू कुठल्या उंचीवर घेतो आहे, स्लिपमधला शेवटचा क्षेत्ररक्षक कर्णधाराने नेमक्या कोणत्या षटकात काढला, खेळाडू चेंडूची एकच बाजू घासत आहेत की घासणे सोडून दिले आहे, याकडे लक्ष ठेवावे. पांढऱ्या चेंडूवर घासणे लवकर थांबते, लालवर ते संध्याकाळपर्यंत चालते. गुलाबीवर एक वेगळीच खूण दिसते. पस्तीस-चाळीस षटकांनंतर लेपाला भेगा पडून त्याचे तुकडे निघू लागले की वेगवान गोलंदाज पंचांना चेंडू पुन्हा पुन्हा दाखवतात, आणि पंच तो कड्यातून घालून पाहतात, कारण नियम आकाराबद्दल बोलतो, लेपाबद्दल नाही.